पाच मिनिटांचा सामना: क्रिकेट, फुटबॉल आणि रेसिंगचे झटपट गेम कसे निवडायचे, कसे खेळायचे

क्रिकेटचा एखादा मोठा गेम पहिल्यांदा उघडला की चेंडू पडायच्या आधीच प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. खेळपट्टी कोणती, अकरा जण कोण, क्षेत्ररक्षण कसं लावायचं. मग कळतं की कंट्रोलरच्या एका स्टिकने फलंदाजाचा पाय हलवायचा आणि दुसऱ्या स्टिकने बॅट फिरवायची. वीस मिनिटं यातच जातात आणि पहिल्याच चेंडूवर दांडी गुल होते. असे गेम खऱ्या खेळाची होता होईल तितकी हुबेहूब नक्कल करतात. त्यांना सिम्युलेशन म्हणतात, आणि ज्यांना तेच हवं असतं त्यांच्यासाठी ते उत्तमच असतात. चहा उकळेपर्यंत एक सामना खेळायचा असेल, तर मात्र ती वाट आपली नाही.

आपल्याला हवे ते आर्केड गेम. यांत बहुतेक निर्णय गेम स्वतःच घेतो आणि एकच गोष्ट आपल्या हातात ठेवतो. क्रिकेटमध्ये ती गोष्ट म्हणजे बॅट कधी फिरवायची, फुटबॉलमध्ये कुठे असायचं, आणि रेसिंगमध्ये वळण कसं घ्यायचं. नवख्याने ती एक गोष्ट ओळखून तिच्यावरच लक्ष द्यावं, बाकीचं पहिले काही दिवस सोडून द्यावं.

उतरवून घेण्याआधी गेम ओळखणे

गेमच्या पानावरची झगमगती चित्रं पाहू नका. खेळतानाचा मिनिटभराचा व्हिडिओ पाहा आणि दिशा सोडून किती बटणं लागतात ती मोजा. दोन ते चार असतील तर गेम आर्केड समजा. एक बटण दाबून ठेवलं की दुसऱ्याचा अर्थ बदलतो, अशी रचना दिसली तर तो गेम वेळ मागणारा आहे.

यापेक्षाही महत्त्वाची एक चाचणी आहे, पण तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. हरल्यापासून पुन्हा खेळायला लागेपर्यंत किती वेळ जातो? चांगल्या झटपट गेममध्ये एक बटण दाबलं की दोन-तीन सेकंदांत पुढचा डाव सुरू होतो. फोनवरच्या बऱ्याच फुकट गेममध्ये मात्र मधे जाहिरात येते, मग बक्षिसाची पेटी उघडते, मग ‘इंधन संपलं, थोड्या वेळाने या’ असा फलक येतो. दोन मिनिटांच्या डावामागे तीन मिनिटं अशी जात असतील, तर खेळ कितीही गोड असला तरी तो काढून टाकलेला बरा.

क्रिकेट: बाजू आणि क्षण

सुरुवात अगदी साध्या गेमने करा. 2017 च्या चॅम्पियन्स ट्रॉफीच्या वेळी गूगलने आपल्या डूडलमध्ये क्रिकेटचा एक चिमुकला गेम दिला होता. त्यात रातकिडे फलंदाजी करतात आणि गोगलगायी क्षेत्ररक्षण. ब्राउझरमध्येच चालतो आणि बटण एकच. वेळेत दाबलं तर फटका बसतो, चुकलं तर त्रिफळा. गंमत म्हणून बनवलेला असला तरी टायमिंगच्या सरावासाठी याच्याइतकी सोपी जागा नाही. वीस-पंचवीस धावा दोन-तीनदा झाल्या की पुढे सरका.

पुढची पायरी दोन बटणांची, म्हणजे स्टिक क्रिकेटसारखे गेम. त्यात डावं बटण चेंडू डावीकडे मारतं आणि उजवं उजवीकडे. इथे नवख्याची पहिली चूक ठरलेली असते: बाजूंची अदलाबदल. म्हणून कॅमेरा कुठल्या टोकाला आहे ते आधी पाहा. कॅमेरा यष्टिरक्षकाच्या मागे असेल तर उजव्या हाताच्या फलंदाजाची ऑफ साईड पडद्याच्या उजवीकडे येते. तोच कॅमेरा गोलंदाजाच्या मागे असेल, जसा टीव्हीवर दिसतो, तर ऑफ साईड डावीकडे येते. डावखुरा फलंदाज आला की सगळं पुन्हा उलटं. दोन डावखुरे लागोपाठ बाद झाले, तर दोष टायमिंगचा नसून बहुधा याचाच असतो.

बाजू ठरवण्याचा नियम एका वाक्याचा आहे: चेंडू ज्या बाजूला येतोय त्याच बाजूला मारा. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू लेगला ओढायला गेलं की कड लागते किंवा तो हवेत उडतो. सगळ्या लेग साईडला रिकामं मैदान दिसत असलं, तरी चेंडू तिकडे यायची वाट पाहावी लागते.

आता क्षण. हात गोलंदाजाच्या हाताकडे पाहून हलवायचा नाही, चेंडूचा टप्पा पडतो तिथे पाहून हलवायचा. आखूड टप्प्याचा चेंडू बॅटपर्यंत यायला वेळ घेतो, यॉर्कर टप्प्याबरोबरच बॅटवर असतो. वेगवान गोलंदाजाचं षटक संपून फिरकी आली की सगळेच लवकर बॅट फिरवतात, कारण बोटांना आधीची लय लागलेली असते. फिरकीचा पहिला चेंडू मारायचाच नाही, नुसता पाहायचा, एवढं पथ्य पाळलं तरी निम्मे बळी वाचतात.

चूक लवकरची की उशिराची हे चेंडू कुठे गेला यावरून कळतं. बॅट लवकर फिरली तर चेंडू उंच उडतो किंवा ठरवलेल्या जागेपेक्षा लेगकडे जातो. उशीर झाला तर तो बॅटची कड घेऊन मागे जातो, नाहीतर सरळ यष्ट्यांवर.

एक डाव घेऊन पाहू. दोन षटकांत 24 धावा हव्यात, म्हणजे 12 चेंडूंत 24. नवखा चेंडूमागे दोन धावांचा हिशोब करतो आणि प्रत्येक चेंडूवर तुटून पडतो. तीन चेंडूंत दोघे परततात. हाच हिशोब दुसरीकडून मांडा. सहा चौकार म्हणजे 24. म्हणजे बारांपैकी सहा चेंडू चौकाराचे निघाले तर उरलेल्या सहांवर एकही धाव नसली तरी चालतं. एखादा षटकार बसला तर आणखी सोपं. मग प्रत्येक चेंडूला विचारायचा प्रश्न बदलतो: हा त्या सहांपैकी आहे का? ऑफबाहेरचा जरा आखूड किंवा पायावर आलेला असेल तर हो. मधल्या यष्टीवरचा यॉर्कर असेल तर नाही, तो नुसता अडवायचा. पहिल्या षटकात तीन चौकार आले तर दुसऱ्यातही तीनच लागतात, घाई कशाचीच नाही. दोनच आले असतील, तर दुसऱ्या षटकात 16 हव्यात, आणि तेव्हा षटकाराचा धोका पत्करायला कारण मिळतं.

वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप किंवा रिअल क्रिकेटसारखे फोनवरचे मोठे गेमही झटपट वापरता येतात, पण त्यांची मांडणी आधी बदलावी लागते. करिअर आणि स्पर्धा सोडून झटपट सामना घ्या, षटकं सगळ्यात कमी ठेवा, पातळी सोपी, क्षेत्ररक्षण आपोआप. शक्यतो दुसऱ्यांदा फलंदाजी घ्या. समोर आकडा असला की डाव रंगतो, पहिली फलंदाजी करून मग गोलंदाजी टाकत बसणं नवख्याला कंटाळवाणं होतं.

दर वेळी उशीरच होत असेल तर

चुका कधी लवकरच्या, कधी उशिराच्या असतील तर सराव कमी पडतोय. प्रत्येक चेंडूला सारखाच उशीर होत असेल, तर मात्र संशय यंत्रावर घ्या. टीव्ही चित्र सुधारण्यासाठी त्यावर प्रक्रिया करतो आणि तेवढ्यात चित्र मागे पडतं. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये `Game Mode` असतो, तो चालू केला की ही प्रक्रिया कमी होते. फोनवर बॅटरी वाचवण्याचा मोड चालू असेल तर पडदा अडखळतो, तो खेळताना बंद ठेवा. आणि ब्लूटूथ इयरफोनवर विसंबून आवाजावरून टायमिंग साधायला जाऊ नका. आवाज चित्रामागून येतो.

फुटबॉल: चेंडूपेक्षा जागा

पूर्ण अकरा-अकरा जणांचा फुटबॉल झटपट खेळायचा तर ईए स्पोर्ट्स एफसीसारख्या गेममध्ये `Kick Off` घेऊन अर्धा डाव मोजक्या मिनिटांचा ठेवता येतो. एफसी 25 पासून पाच-पाच जणांचा रश हा प्रकारही आहे. तरीही पास, थ्रू पास, लॉब, स्प्रिंट, टॅकल, खेळाडू बदलणं हे सगळं एकदम शिकावं लागतंच. ज्याला निव्वळ धमाल हवी त्याला आमचा सल्ला वेगळा आहे: माणसांऐवजी गाड्या घ्या.

रॉकेट लीग हा 2015 चा गेम, सप्टेंबर 2020 पासून फुकट. बंद मैदानात गाड्यांनी मोठा चेंडू ढकलून गोल करायचा. ऑफसाईड नाही, फाउल नाही, चेंडू बाहेर जात नाही. सामना पाच मिनिटांचा. बरोबरी झाली तर जादा वेळेत पहिला गोल करेल तो जिंकला. एक बारकावा आधीच माहीत असू द्या: घड्याळ शून्यावर आलं तरी चेंडू जमिनीला टेकेपर्यंत सामना संपत नाही. फोनवर याचंच साइडस्वाइप हे रूप आहे, बाजूने दिसणारं आणि दोन मिनिटांचं.

थेट अनोळखी लोकांशी भिडू नका. `Exhibition` मध्ये जाऊन संगणकाची पातळी `Rookie` ठेवा आणि दोन-दोन गाड्यांचा सामना लावा. त्याआधी सेटिंगमध्ये कॅमेऱ्याची थरथर बंद करा. तिने काहीच फायदा होत नाही, डोळे मात्र शिणतात.

मग `Ball Cam` समजून घ्या. हा चालू असला की कॅमेरा सतत चेंडूकडे पाहतो, बंद केला की गाडीच्या नाकासमोर पाहतो. बहुतेक वेळ तो चालूच ठेवायचा, कारण चेंडू कुठे आहे हेच माहीत नसलेली गाडी मैदानात असून नसल्यासारखी. चेंडूकडे पाठ करून बूस्ट, म्हणजे गाडीला जादा वेग देणारं इंधन, गोळा करायला जाताना मात्र क्षणभर बंद करायचा, नाहीतर गाडी समोरच्या भिंतीवर चढते. चालू-बंद करण्याचं बटण पहिल्याच सामन्यात बोटाखाली बसवून घ्या.

बूस्टचं गणित छोटं आहे. टाकी 100 ची आणि बटण दाबून ठेवलं तर तीन सेकंदांत रिकामी. सुरुवातीला टाकीत 33 असतात, म्हणजे एका सेकंदाचा जोर. मैदानावर सहा मोठे गोळे आहेत, चार कोपऱ्यांत आणि दोन मध्यरेषेच्या टोकांना. त्यातला एक घेतला की टाकी भरते, पण तो परत यायला दहा सेकंद लागतात. जमिनीवरच्या लहान 28 चकत्या प्रत्येकी 12 देतात आणि चार सेकंदांत परत येतात. नवखा मोठ्या गोळ्यांमागे कोपरे धुंडाळत फिरतो आणि तेवढ्यात मागे गोल होतो. वाटेतल्या तीन लहान चकत्यांवरून गाडी नेली तरी 36 मिळतात, तेही वळण न बदलता. गाडीमागे लांब पट्टे उमटले की ती जवळजवळ कमाल वेगाला पोचलेली असते. त्यापुढे बटण दाबून ठेवणं म्हणजे बूस्ट वाया घालवणं.

सुरुवातीचा चेंडू कसा घ्यायचा ते पाहा. चेंडू मधोमध असतो आणि गाड्या ठरलेल्या पाच जागांपैकी कुठेतरी. तुम्ही चेंडूला सगळ्यात जवळ असाल तर निघायचं, नसाल तर थांबायचं, हा नियम मोडू नका. निघताना बूस्ट दाबून सरळ चेंडूच्या मध्यावर नाक ठेवा. चेंडू एखाद्या गाडीच्या अंतरावर आला की उडीचं बटण दाबा, लगेच दिशा पुढे ढकलून तेच बटण पुन्हा दाबा. गाडी पुढे कोलांटी घेते आणि तो धक्का चेंडूला लागतो. दुसरं दाबणं दीडेक सेकंदाच्या आत व्हायला हवं आणि त्या वेळी दिशा दाबलेली हवी. दिशा विसरलात तर गाडी नुसती वर उडते आणि चेंडू खालून निघून जातो. कोलांटी फार आधी घेतली तर गाडी चेंडूपाशी उलटी असते आणि धक्का फुसका बसतो.

दोघे एकदम भिडले की चेंडू बहुधा बाजूला उडतो. इथे खरा खेळ सुरू होतो आणि नवखा इथेच घोटाळा करतो: उडालेल्या चेंडूमागे तो धावतो, त्याचा जोडीदारही धावतो, दोघे एकमेकांवर आदळतात आणि गोल मोकळा पडतो. जोडीदार चेंडूच्या जवळ असेल तर आपण आपल्या गोलाकडे, त्याच्या मागे दोन-तीन गाड्यांचं अंतर ठेवून यायचं. त्याचा फटका हुकला तर चेंडू आपल्याकडे येतो. तो मागे वळला की मग आपण पुढे जायचं. एवढं जमलं की उडत्या फटक्यांशिवायही नवख्यांच्या सामन्यात जिंकता येतं.

गोलावर मारताना चेंडू आणि समोरचा गोल एका रेषेत येईल अशा जागी आधी जा, मग वेग घ्या. बाजूने जोरात धडकल्यावर चेंडू कोपऱ्यातच जातो. आणि आपल्या गोलासमोर बचाव करताना चेंडू कधीही मधोमध ढकलू नका, बाजूच्या भिंतीकडे ढकला.

रेसिंग: वळण

खऱ्या मोटारशर्यतीचं ज्ञान इथे अडचणच करतं. तिथे वळणाआधी ब्रेक लावून वेग उतरवतात. आर्केड रेसिंगमध्ये ब्रेक जवळपास वापरायचाच नसतो. वळण घसरत घ्यायचं असतं आणि त्या घसरण्यातूनच जादा वेग मिळतो. याला ड्रिफ्ट म्हणतात, आणि सगळं कसब त्यातच आहे.

शिकायला कार्टचे, म्हणजे शर्यतीच्या चिमुकल्या गाड्यांचे गेम सगळ्यात चांगले. निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवर मारिओ कार्ट 8 डीलक्स, किंवा संगणकावर आणि अँड्रॉइडवर पूर्ण फुकट असलेला सुपरटक्सकार्ट. दुसऱ्यात मुळात ड्रिफ्टसाठी `V`, जादा वेग देणाऱ्या नायट्रोसाठी `N`, हत्यारासाठी `Space` आणि अडकल्यावर बाहेर काढायला `Backspace` अशा कळा असतात.

मारिओ कार्टमध्ये 50 सीसीने, म्हणजे सगळ्यात कमी वेगाच्या गटाने, सुरुवात करावी असं सगळ्यांना वाटतं. आमच्या मते ते चुकीचं. त्या वेगात वळणं नुसत्या स्टिकनेच निघून जातात, ड्रिफ्टची गरजच पडत नाही आणि सवय लागत नाही. 100 सीसी घ्या. `Smart Steering` नावाची मदत गाडीला रस्त्याबाहेर जाऊ देत नाही. पहिल्या दोन-चार शर्यती ती असू द्या, मग बंद करा. ती चालू असताना ड्रिफ्टमधून मिळणारा सगळ्यात मोठा झटका, म्हणजे अचानक जादा वेग, मिळत नाही आणि गवतातून जाणारे आडमार्गही घेता येत नाहीत.

सुटतानाच एक झटका मिळवता येतो. उलटी मोजणी सुरू असताना 2 आकडा दिसला की लगेच वेगाचं बटण दाबून धरा. 3 ला दाबलंत तर चाकं जागीच फिरतात आणि सगळे पुढे निघून जातात.

आता एक वळण. समजा रस्ता डावीकडे पूर्ण उलटा वळतो. सरळ रस्त्यावरच गाडी उजव्या कडेला आणा. वळण सुरू होण्याच्या किंचित आधी डावीकडे दिशा दाबून ड्रिफ्टचं बटण धरा. गाडी छोटी उडी मारते आणि घसरायला लागते. आता बटण सोडायचं नाही. वेगाचंही सोडायचं नाही. स्टिक डावीकडे दाबली तर वळण घट्ट होतं आणि ठिणग्या लवकर रंग बदलतात. उजवीकडे दाबली तर गाडी बाहेर पसरते पण घसरणं चालूच राहतं. म्हणजे ड्रिफ्टमध्ये स्टिकचं काम वळवण्याचं नाही, वळण किती घट्ट ते ठरवण्याचं. ठिणग्या आधी निळ्या, मग केशरी, शेवटी जांभळ्या होतात. गाडीचं नाक पुढच्या सरळ रस्त्याकडे आलं की बटण सोडा, झटका मिळतो.

नाक अजून आतल्या गवताकडे असताना सोडलं तर झटका गवतात घेऊन जातो, आणि गवतात वेग मरतो. ड्रिफ्ट उशिरा सुरू केला तर बाहेरची भिंत लागते आणि जमा झालेल्या ठिणग्या विझतात. सतत बाहेरच्या भिंतीला लागत असाल तर आणखी घट्ट वळवू नका, आणखी आधी सुरू करा. जांभळ्याची हाव प्रत्येक वळणाला नको. लहान वळणावर निळी मिळाली की सोडून मोकळं व्हा.

वाटेतली नाणी घ्या. दहा नाण्यांपर्यंत प्रत्येक नाण्याने कमाल वेग थोडा वाढतो, मार बसला की तीन जातात. पहिल्या फेरीत आठवे असाल तर घाबरू नका. मागच्यांना जोरदार हत्यारं मिळतात आणि पुढच्याला केळीची सालं. पहिल्या क्रमांकावर असताना मिळालेलं साल किंवा कासवाचं कवच लगेच फेकू नका. बटण दाबून मागे धरून ठेवलं तर मागून येणारा लाल कवचाचा मार त्यावर निभावतो.

फोनवर खऱ्या गाड्या हव्या असतील तर अस्फाल्ट या गेममध्ये टचड्राइव्ह ही पद्धत घ्या. त्यात गाडी स्वतः रस्ता धरते, आपण फक्त कुठली वाट घ्यायची, ड्रिफ्ट कधी आणि नायट्रो कधी ते ठरवतो. फोन तिरपा करून चालवण्याची पद्धत गमतीची वाटते, पण पडदाही तिरपा होतो आणि पुढचं वळण नीट दिसत नाही.

एकाच पडद्यावर मित्रांबरोबर खेळणार असाल तर आणखी एक गोष्ट. मारिओ कार्ट 8 डीलक्स दोघांत सेकंदाला 60 चित्रं दाखवतो, तिघे किंवा चौघे असले की 30. त्यामुळे एकट्याने सराव केलेला ड्रिफ्ट चौघांत थोडा उशिरा लागल्यासारखा वाटतो. पहिली शर्यत हात बसवण्यात जाते, म्हणून पैज दुसरीपासून लावा.